वयाचा पुरावा : शाळा, जन्मनोंद, वैद्यकीय तपासणी व ओळखपत्रे यांचा क्रम

एखाद्या व्यक्तीची जन्मतारीख किंवा वय ठरवताना न्यायालये व कार्यालये ज्या कागदपत्रांवर विसंबतात, त्यांना वयाचा पुरावा म्हणतात. सर्व कामांना लागू पडेल अशी या कागदपत्रांची एकच यादी भारतात नाही. काम बदलले की त्यांचा मानही बदलतो. सर्वांत स्पष्ट क्रम बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ मध्ये आढळतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः याच क्रमाचा, नागपूर परिसरातील अभिलेख डोळ्यांसमोर ठेवून, विचार केला आहे.

कलम ९४ नुसार समोरची व्यक्ती बालक आहे की नाही याविषयी वाजवी शंका असेल तर पहिला मान शाळेच्या जन्मतारीख प्रमाणपत्राला किंवा परीक्षा मंडळाच्या दहावीच्या अथवा तत्सम प्रमाणपत्राला मिळतो. ते नसेल तरच महानगरपालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत यांचा जन्मदाखला पाहिला जातो. हे दोन्ही नसतील तेव्हाच हाडांच्या वाढीवरून वय ठरवण्याची वैद्यकीय चाचणी करता येते, आणि ती आदेशापासून १५ दिवसांत पूर्ण व्हावी लागते. वरच्या पायरीवरचा विश्वासार्ह कागद उपलब्ध असताना खालच्या पायरीवर उतरता येत नाही. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात पीडितेचे वय ठरवतानाही हीच पद्धत वापरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. त्यामुळे बाल न्याय मंडळासाठी आखलेला हा क्रम सत्र न्यायालयांतही रुळला आहे.

शाळेचा कागद नगरपालिकेच्या दाखल्याच्या वर का, हा प्रश्न अभ्यासकांना पडत आला आहे. जन्माची नोंद घटनेच्या जवळ होते, शाळेची पाच-सहा वर्षांनी. तेव्हा तर्काने क्रम उलटा असायला हवा. हा क्रम बाल न्यायाच्या २००७ च्या केंद्रीय नियमांतील नियम १२ मधून आलेला दिसतो. तेथे दहावीचे प्रमाणपत्र पहिले, सर्वप्रथम ज्या शाळेत नाव घातले तिचे प्रमाणपत्र दुसरे व जन्मदाखला तिसरा होता. बालवाडीचा दाखला मात्र स्पष्टपणे वगळला होता. २०१५ मध्ये पहिल्या दोन पायऱ्या एकत्र झाल्या आणि ‘सर्वप्रथम’ ही अट गळाली. या क्रमाचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की मंडळाचे प्रमाणपत्र सार्वजनिक संस्थेचे असल्याने त्यात फेरफार करणे अवघड असते. दुसरे असे की गरीब कुटुंबांतील मुलांच्या जन्माची नोंद बहुधा झालेलीच नसे. शाळेत नाव मात्र असे. दुसरे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे, कारण मंडळाच्या प्रमाणपत्रातील तारीख स्वतंत्रपणे तपासलेली नसते. शाळा परीक्षेच्या अर्जात जी तारीख भरते तीच तिथे उतरते. म्हणजे वरच्या कागदाचे बळ अखेर पहिल्या शाळेच्या नोंदवहीवर येऊन ठरते.

या नोंदवहीला विदर्भात दाखल-खारीज रजिस्टर म्हणतात. राज्यात इतरत्र जनरल रजिस्टर किंवा प्रवेश-निर्गम नोंदवही ही नावे चालतात. तिच्यात अनुक्रमांक, मुलाचे व पालकाचे नाव, जात, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मतारीख, प्रवेशाची तारीख आणि शाळा सोडल्याची तारीख व कारण असते. सर्वांना ठाऊक असलेली टी.सी. म्हणजे या नोंदीवरून काढलेला उतारा. म्हणून तपासी अधिकाऱ्याने केवळ टी.सी.ची झेरॉक्स जोडणे पुरेसे नसते. २०२३ च्या एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने टी.सी.ला, म्हणजे बदली दाखल्याला, कलम ९४ मधील जन्मतारीख प्रमाणपत्र मानले नाही आणि अल्पवयाचा मुद्दा सिद्ध झाला नाही असे ठरवले. मुख्याध्यापकाकडून जन्मतारीख प्रमाणपत्र व नोंदवहीचा साक्षांकित उतारा घ्यावा, साक्षीच्या दिवशी मूळ नोंदवही आणावी आणि शक्य असेल तर प्रवेश अर्जही दाखवावा, ही योग्य रीत होय.

नोंदवही कोर्टात आली तरी तिच्यातली तारीख आपोआप खरी ठरत नाही. सार्वजनिक नोंदवहीतील नोंद पुराव्यात ग्राह्य असते (पूर्वीच्या पुरावा कायद्याचे कलम ३५, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम २९). पण ती तारीख कोणी व कशाच्या आधारे सांगितली हे कळल्याशिवाय तिला फारसे वजन नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केले होते. आईवडिलांनी सांगितलेली तारीख आणि शेजाऱ्याने किंवा गुरुजींनी अंदाजाने घातलेली तारीख यांत फरक केला जातो. पहिलीला सहा वर्षे पूर्ण दिसावीत म्हणून १ जून किंवा १ जुलै अशी तारीख घालण्याची जुनी सवय सर्वपरिचित आहे. एकाच पानावर पाच-सहा मुलांची तीच तारीख दिसली, तर महिना व दिवस अंदाजाचे आहेत असे समजावे; वर्ष मात्र बऱ्याचदा जवळपास बरोबर असते. अंकी व अक्षरी तारखेत तफावत, खाडाखोडीवर मुख्याध्यापकाची सही नसणे, अनुक्रमांकांच्या मधेच वेगळ्या शाईत घुसवलेली ओळ किंवा घटनेनंतर काढलेली दुय्यम प्रत, ही संशयाची ठळक चिन्हे होत. शाळा सोडल्यानंतर नोंदवहीतील तारीख सहसा बदलता येत नाही. उघड लेखनदोष असेल तर शिक्षणाधिकाऱ्याच्या मान्यतेने दुरुस्ती होते.

या क्रमाचे बळ व मर्यादा दोन्ही दाखवणारे एक प्रकरण नागपूर मध्यवर्ती कारागृहाशी निगडित आहे. ऑगस्ट १९९४ मधील पुण्यातील सामूहिक हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याने आपण त्या वेळी बालक होतो असा दावा केला. शिक्षा कायम झाल्यानंतरही असा दावा करता येतो. बाल न्याय अधिनियमाचे कलम ९(२) तशी मुभा देते. २००५ च्या वैद्यकीय तपासणीत त्याचे वय २२ पेक्षा जास्त व ४० पेक्षा कमी असे आले होते. त्यावरून मागे मोजले, तर गुन्ह्याच्या वेळी तो सुमारे ११ वर्षांचाही असू शकत होता आणि २९ वर्षांचाही. एवढ्या रुंद पट्ट्यातून काहीच ठरत नव्हते. दुसरीकडे राजस्थानातील त्याच्या गावच्या शाळेच्या प्रमाणपत्रात जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२ होती, म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी वय १२ वर्षे ६ महिने. अडचण तारखेची नव्हती, नावाची होती. शाळेतले नाव आणि खटल्यातले नाव वेगळे होते, आणि दोन्ही नावांचा माणूस एकच का, यावर राज्य सरकारने आक्षेप घेतला. पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी करून अनुकूल अहवाल दिला, आणि २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो स्वीकारून सुटकेचा आदेश दिला. तोवर त्याने २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. शाळेचा कागद मिळाला की पहिले काम तारीख वाचणे नसून तो कागद याच व्यक्तीचा आहे हे वडिलांचे नाव, गाव व भावंडांच्या नोंदी यांवरून जुळवणे असते. अटकेच्या पहिल्या आठवड्यात हे झाले असते तर दोन नावांचा गुंता तेव्हाच सुटला असता.

जन्मदाखल्याबाबत मुख्य गैरसमज रुग्णालयाच्या कागदांविषयी आहे. डागा, मेयो किंवा मेडिकल या नागपूरच्या शासकीय रुग्णालयांतील डिस्चार्ज कार्ड म्हणजे जन्मदाखला नव्हे. रुग्णालय जन्माची माहिती २१ दिवसांत निबंधकाला कळवते आणि त्यावरून झालेल्या नोंदीचा दाखला नमुना ५ मध्ये मिळतो. नोंद आईवडिलांच्या राहत्या गावी होत नाही. जन्म जिथे झाला तिथे होते. काटोलच्या आईचे बाळ नागपूरच्या रुग्णालयात जन्मले तर दाखला नागपूरचाच निघतो. हे न कळल्याने गावच्या ग्रामपंचायतीत शोध घेऊन ‘नोंद नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. दाखला तपासताना जन्मतारखेइतकीच नोंदणीची तारीख पाहावी. जन्मानंतर आठवड्याभरात झालेली नोंद भक्कम असते. एक वर्षानंतरच्या नोंदीला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. ती मुख्यतः शपथपत्रावर उभी असल्याने, विशेषतः वाद सुरू झाल्यानंतर केलेली असल्यास, तिचे वजन घटते. नोंद खरोखरच नसेल तर नमुना १० मधील अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्यावे. वैद्यकीय चाचणीकडे वळताना आधीच्या पायऱ्या रिकाम्या होत्या हे त्यावरून दाखवता येते.

१ एप्रिल १९७० पूर्वीच्या, म्हणजे १९६९ चा नोंदणी कायदा लागू होण्याआधीच्या जन्मांसाठी नागपूर जिल्ह्यातील खेड्यांत कोतवाल पंजी हा महत्त्वाचा स्रोत आहे. कोतवालाने दिलेल्या वर्दीवरून तयार झालेल्या या नोंदींच्या नकला तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळतात. त्यांत बाळाचे नाव बहुधा नसते. वडिलांचे नाव आणि मुलगा किंवा मुलगी एवढेच असते. एका वडिलांना तीन मुलगे असतील तर नोंद कोणाची हे इतर कागदांवरूनच ठरवावे लागते. आज या नकला वयापेक्षा जात पडताळणीसाठीच अधिक मागितल्या जातात.

वैद्यकीय चाचणी शासकीय रुग्णालयात होते. नागपुरात त्यासाठी मेडिकल किंवा मेयोला पत्र जाते. संमती घेऊन शारीरिक वाढ व दात पाहतात आणि कोपर, मनगट, खांदा, कंबरेचे हाड यांचे एक्स-रे काढतात. हाडांची टोके मुख्य हाडाला जुळली आहेत का यावरून अंदाज बांधला जातो. कोपर साधारण १४ ते १६ व्या वर्षी जुळते, मनगट १६ ते १९ च्या दरम्यान, तर कंबरेच्या हाडाची कड त्यानंतर. आहार, आजार आणि मुलगा-मुलगी हा भेद यांमुळे यात फरक पडतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते असे मानले. ‘१६ ते १८’ असा अहवाल आला की कोणते टोक धरायचे हा वाद उरतो. आरोपी स्वतः बालक असल्याचा दावा करत असेल तर खालचे टोक धरण्याकडे कल आहे; पीडितेच्या वयावर शिक्षा अवलंबून असेल तर शंकेचा फायदा आरोपीला म्हणून वरचे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये वरच्या टोकात दोन वर्षे आणखी मिळवावीत असे म्हटले. पंचविशीनंतर मात्र या चाचणीचा उपयोग झपाट्याने कमी होतो.

आधार, मतदार ओळखपत्र व रेशनकार्ड यांचा कलम ९४ मध्ये उल्लेखच नाही. आधारवरील तारीख अर्जदाराने दिलेल्या कागदावरून किंवा त्याने सांगितल्यावरून येते. आधार हा स्वतःहून जन्मतारखेचा पुरावा नाही असे आधार प्राधिकरणानेच २०२३ च्या परिपत्रकात म्हटले आहे. जानेवारी २०२४ मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेने जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार वगळले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या प्रकरणात आधारऐवजी शाळा सोडल्याचा दाखला मान्य केला.

फौजदारी खटल्याबाहेर क्रम बदलतो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी व सरकारी नेमणूक यांकरिता जन्मदाखलाच पुरावा ठरवला आहे. पासपोर्टसाठीही २०२५ पासून तसेच. कलम ९४ मधील क्रम मात्र तसाच आहे. राज्य शासनाच्या सेवेत सेवापुस्तकातील तारीख अंतिम मानतात आणि १९८१ च्या नियमांनुसार दुरुस्तीचा अर्ज नोकरीत लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. श्रावणबाळ योजनेसारख्या वृद्धांच्या योजनांत, जिथे ६५ वर्षांची अट असते, मतदार यादीतील वय किंवा शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखलाही चालतो, कारण शाळा न पाहिलेल्या पिढीकडे दुसरा कागद नसतो.