काढलेला ड्रायव्हर परत का येतो?

भाच्याचा फोन रात्री साडेअकराला आला. "मामा, गेम सुरू केला की वीस मिनिटांत स्क्रीन काळी होते. आवाज चालू असतो, मित्रांचं बोलणंही ऐकू येतं, पण दिसत काहीच नाही. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अनइन्स्टॉल केला, रीस्टार्ट केलं, तर तोच ड्रायव्हर पुन्हा हजर! नेट तर मी आधीच बंद केलं होतं. मग आला कुठून?"

त्याचं ग्राफिक्स कार्ड कोणत्या कंपनीचं होतं याला इथे महत्त्व नाही. त्याचा शेवटचा प्रश्न मात्र मला फार आवडला, कारण ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, जुन्या आवृत्तीवर मागे नेण्याचं सगळं शास्त्र त्याच प्रश्नात आहे.

आधी काळ्या स्क्रीनबद्दल थोडं. गेम चालू असताना प्रोसेसर ग्राफिक्स कार्डाला एकामागून एक कामं देत राहतो. दिलेलं काम अडकून पडलं, तर विंडोज ठरलेला वेळ वाट बघतं. हा वेळ मूळ मांडणीत फक्त २ सेकंद आहे. तेवढ्यात कार्डाने काम सोडलं नाही, तर विंडोज ड्रायव्हर आणि कार्ड दोन्ही नव्याने सुरू करतं. स्क्रीन क्षणभर काळी होऊन डेस्कटॉप परत दिसतो, गेम मात्र बहुतेक वेळा बंद पडतो. ही सोय विंडोज व्हिस्टापासून आहे, आणि ती यशस्वी झाली की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये `Display` या नावाखाली ४१०१ क्रमांकाची नोंद पडते. एका मिनिटात पाचपेक्षा जास्त वेळा असं घडलं, किंवा नव्याने सुरू करण्याचा प्रयत्नच फसला, तर निळी स्क्रीन येते. आवाज चालू राहून चित्र जातं तेव्हा प्रोसेसर चालू असून अडचण बहुधा ग्राफिक्सच्या बाजूला आहे, एवढं समजतं. पण ग्राफिक्सच्या बाजूला ड्रायव्हर असतो तसं कार्डही असतं आणि त्याला वीज देणारी वायरही.

म्हणून पहिला प्रश्न असा, की काळी स्क्रीन कधीपासून यायला लागली? भाच्याकडे उत्तर तयार होतं: मंगळवारी ड्रायव्हर अपडेट केला, बुधवारपासून त्रास. जुनी आवृत्ती चार महिने सुरळीत चालली होती. संशय घ्यायला एवढं पुरेसं आहे. संशय खरा की खोटा हे जुनी आवृत्ती परत आणूनच कळतं. तीवरही स्क्रीन काळी झाली, तर ड्रायव्हर बहुधा निर्दोष आहे. पूर्ण संगणकच झटक्यात बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर आधी पॉवर सप्लाय आणि कार्डाच्या वायरी तपासाव्यात.

आता मूळ प्रश्न. ड्रायव्हर इन्स्टॉल होताना विंडोज त्याची पूर्ण प्रत आपल्या कोठारात ठेवतं. या कोठाराला ड्रायव्हर स्टोअर म्हणतात आणि ते इथे असतं:

```
C:\Windows\System32\DriverStore\FileRepository
```

आपण डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन `Uninstall device` करतो तेव्हा फक्त कार्ड आणि ड्रायव्हर यांची जोडी तुटते. कोठारातली प्रत जागेवरच असते. रीस्टार्ट झाल्यावर विंडोजला "नवं" कार्ड दिसतं, ते कोठारात डोकावतं आणि त्या कार्डाला जुळणारा ड्रायव्हर काढून बसवतं. नेट लागतच नाही. भाच्याचा ड्रायव्हर तिथून आला होता.

कोठारात दोन-तीन आवृत्त्या असतील, तर निवड कशी होते? हा भाग मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतो. प्रत्येक कार्ड स्वतःची ओळख सांगतं. ती अशी दिसते:

```
PCI\VEN_10DE&DEV_2504&SUBSYS_...
```

`VEN` म्हणजे चिप कोणाची. `10DE` एनव्हिडियाची, `1002` एएमडीची, `8086` इंटेलची. `DEV` म्हणजे कोणती चिप, आणि `SUBSYS` म्हणजे त्या चिपवरून कार्ड किंवा लॅपटॉप कोणी बनवला. ड्रायव्हरसोबतच्या `.inf` फाइलमध्ये तो कोणकोणत्या ओळखींसाठी आहे याची यादी असते. विंडोज प्रत्येक ड्रायव्हरला क्रमांक लावतं. आधी त्यावरची डिजिटल सही बघतं, आणि पुढे ओळख किती नेमकी जुळते ते. "जोशी, पुणे" एवढ्या पत्त्यापेक्षा "जोशी, दुसरा मजला, अमुक वाडा, सदाशिव पेठ" हा पत्ता वरचढ ठरतो, तसा `SUBSYS`पर्यंत जुळणारा ड्रायव्हर नुसत्या `DEV`वर जुळणाऱ्याला मागे टाकतो. लॅपटॉपवर कंपनीने दिलेला जुना ड्रायव्हर कधीकधी आपोआप परत बसतो, त्यामागे हे कारण असू शकतं. दोन ड्रायव्हर इथेही बरोबरीत सुटले, तर ज्याची तारीख अलीकडची तो जिंकतो. तारीखही तीच असेल, तर आवृत्तीचा आकडा बघितला जातो.

यात कुठेही "हा ड्रायव्हर चालतो का" असा प्रश्न येत नाही, हे लक्षात घ्या. बिघडलेली आवृत्ती जास्त नवी असते, म्हणून बरोबरीच्या सामन्यात तीच जिंकते. वरून जुनी आवृत्ती इन्स्टॉल केली तर ती बसते, कारण इन्स्टॉलर तिला मुद्दाम बसवतो. पण नवी कोठारात पडून असेल आणि उद्या कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावलं, तर विंडोजच्या दृष्टीने ते नवं उपकरण ठरतं, पुन्हा निवड होते आणि बिघडलेली आवृत्ती परत येते.

यावरून कामाचा क्रमही ठरतो. अनेक जण आधी सगळं साफ करतात आणि मग जुनी आवृत्ती शोधायला निघतात. मी उलट सांगेन. डिव्हाइस मॅनेजरमध्ये `Display adapters` उघडा, कार्डावर राइट क्लिक करून `Properties` आणि त्यात `Driver` हा टॅब. तिथलं `Roll Back Driver` बटण चालू दिसत असेल, तर आधी ते दाबा. विंडोजने आधीच्या ड्रायव्हरची आठवण ठेवलेली असते म्हणून ते बटण चालतं. एकदा सफाई केली की ती आठवणही जाते, बटण फिकं पडतं आणि घरात असलेला परतीचा रस्ता आपणच बुजवलेला असतो.

भाच्याचं बटण फिकंच होतं. मग त्याला अनइन्स्टॉलच्या खिडकीतली एक छोटी चौकट दाखवली: `Attempt to remove the driver for this device`. विंडोज १० मध्ये तिथे `Delete the driver software for this device` असं लिहिलेलं असतं. ही खूण केली तरच कोठारातली प्रत जाते. त्याने ती रिकामी सोडली होती. कोठारात काय आहे हे बघायला टर्मिनल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून हे लिहायचं:

```
pnputil /enum-drivers
```

यादी लांब येते. तीत `Class Name` समोर `Display adapters` असलेल्या नोंदी शोधायच्या. त्याच्याकडे एकाच कार्डाच्या दोन नोंदी निघाल्या, एक मंगळवारची आणि एक त्याहून जुनी. नको असलेल्या नोंदीचं `Published Name` घेऊन ती अशी काढता येते (आकडा प्रत्येकाच्या संगणकावर वेगळा असतो):

```
pnputil /delete-driver oem23.inf /uninstall
```

एनव्हिडियाचा आकडा वाचताना गोंधळ होतो, म्हणून एक युक्ती. विंडोज दाखवतं `32.0.15.6636`. शेवटचे पाच अंक घ्या, 56636, आणि शेवटच्या दोनांच्या आधी टिंब द्या: 566.36. कंपनीच्या पानावर हाच आकडा असतो.

एवढ्याने भागलं नाही, किंवा एका कंपनीचं कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचं बसवलं असेल, तर पूर्ण सफाई. एनव्हिडियाच्या इन्स्टॉलरमध्ये त्यासाठी `Perform a clean installation` आहे, एएमडीचं वेगळं क्लीनअप साधन आहे. त्याहून खोल जायचं तर डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर. सफाईच्या आधी जुन्या ड्रायव्हरचा इन्स्टॉलर आणि डीडीयू दोन्ही डाउनलोड करून ठेवा. मग नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, नाहीतर सफाई होताच विंडोज अपडेट स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर आणून बसवतं. सेफ मोडमध्ये जायचं, कारण तिथे मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर चालतो आणि कार्डाच्या फाइली वापरात नसतात. ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेली असेल तर बिटलॉकरची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, आणि खात्याचा पासवर्ड आठवतो ना हे बघा, कारण सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही. डीडीयूमधून `Clean and restart` केलं की डेस्कटॉप मोठ्या, ओबडधोबड अक्षरांत दिसतो. घाबरू नका, ते बरोबर आहे. आता जुना ड्रायव्हर बसवा, रीस्टार्ट करा आणि मगच नेट जोडा.

मागे जाण्यालाही मर्यादा आहे, आणि २०२५ च्या सुरुवातीला ती ठळक दिसली. एनव्हिडियाच्या 572 मालिकेतल्या ड्रायव्हरनंतर काळ्या स्क्रीनच्या तक्रारी येऊ लागल्या. जुनी कार्डं असलेले कित्येक जण डिसेंबर २०२४ च्या 566.36 वर परत गेले. पण आरटीएक्स ५० मालिकेची नवी कार्डं घेतलेल्यांना तो रस्ताच नव्हता. 566.36 च्या यादीत त्या कार्डांची ओळखच नाही, तो बसणार कसा? त्यांना एप्रिलमध्ये आलेल्या 576.02 पर्यंत एकेक दुरुस्तीची वाट बघावी लागली.

इथे दोन गैरसमजांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पहिला म्हणजे रजिस्ट्रीत `TdrDelay`, म्हणजे विंडोजचा तो वाट बघण्याचा वेळ, वाढवायचा. २ सेकंदांऐवजी १० केले की अडकलेलं काम सुटत नाही, आपण काळ्या किंवा गोठलेल्या स्क्रीनकडे आठ सेकंद जास्त बघत बसतो. जड रेंडरिंगसारखं काम खरोखर लांबत असेल तिथे तो उपयोगी आहे, बिघडलेल्या ड्रायव्हरवर नाही. दुसरा म्हणजे "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट" करून देणारी सॉफ्टवेअर. आपला ड्रायव्हर बदलायची गरज आहे का, हे त्यांना कळत नाही, आणि जी आवृत्ती आपण कष्टाने काढली तीच ती पुन्हा आणून ठेवू शकतात.

भाच्याने मंगळवारची नोंद काढली, जुनी आवृत्ती बसली. गेम सुरू केला तर पहिली दहा मिनिटं तो अडखळत होता, आणि त्याने लगेच मेसेज टाकला, "अजून बिघडलंय." बिघडलं नव्हतं. ड्रायव्हर बदलला की कार्डासाठी आधी तयार करून ठेवलेले शेडर, म्हणजे चित्र कसं रंगवायचं हे कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम, बाद होतात आणि गेम ते नव्याने बनवतो. त्याला सांगितलं की त्याच गेममध्ये, त्याच ठिकाणी, निदान दोन तास खेळ. आधी वीस मिनिटांत होणारी गोष्ट पाच मिनिटांत तपासता येत नाही.

दोन तास दहा मिनिटांनी त्याचा मेसेज आला, स्क्रीन एकदाही गेली नव्हती. जुना इन्स्टॉलर त्याने वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलाय. ड्रायव्हरच्या नव्या आवृत्त्यांमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्याही असतात, त्यामुळे कायम मागे राहायचं नाही हेही त्याच्याशी बोललो. पुढची आवृत्ती आली की तिच्या रिलीज नोट्समधली दुरुस्त्यांची यादी तो मला पाठवणार आहे, आणि काळ्या स्क्रीनचा उल्लेख तीत असेल तर आम्ही दोघं मिळून ती बसवून बघू.