धार्मिक विधिकर्त्यांच्या मुलाखतींचा डेटा व्यवस्थापन आराखडा

देवऋषी, गुरव, पोतराज, वाघ्या-मुरळी, जोगती, मुजावर अशा धार्मिक विधी करणाऱ्यांच्या मुलाखती संशोधनासाठी ध्वनिमुद्रित केल्यावर त्या कुठे ठेवायच्या, बोलणाऱ्याची ओळख कशी झाकायची आणि काय केव्हा नष्ट करायचे, हे लेखी ठरवणारा दस्तऐवज. तो पहिल्या मुलाखतीआधी तयार असावा लागतो, कारण संमती घेताना निवेदकाला जे सांगायचे ते त्यातूनच येते.

सांगली आणि सातारा जिल्ह्यांत या आराखड्याची खरी कसोटी ओळख झाकण्यात लागते. आरेवाडीचा बिरोबा, खरसुंडीचा सिद्धनाथ, जतची यल्लमा, मांढरदेवची काळूबाई, पालचा खंडोबा ही दैवते पंचक्रोशीबाहेरही माहीत आहेत. गावात देवऋषी बहुधा एखादाच असतो. पुजाऱ्यांच्या घराण्यात पूजेच्या पाळ्या ठरलेल्या असतात, त्यामुळे ‘त्या वर्षी पाळी आमच्याकडे होती’ एवढ्या वाक्यावरून भावकीतला माणूस घर ओळखतो. पालखीचा मान, सासनकाठीचा क्रम, यात्रेची तिथी, इनाम जमिनीचा वाद, यांतले काहीही नावाइतकेच बोलके असते. म्हणून नाव काढून ‘कवठेमहांकाळ तालुक्यातील बिरोबाचा एक पुजारी’ असे लिहिले, तर काहीच झाकले जात नाही. ‘दुष्काळी पट्ट्यातील एका ग्रामदैवताचा पुजारी’ असे लिहिले, तर थोडे झाकले जाते. पाळीचे वर्ष आणि तिथी काढल्यावर ते पुरेसे होते.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी लागते. 2019 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकात धार्मिक श्रद्धा संवेदनशील माहितीत मोडत होती. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात असा वेगळा वर्गच नाही. शिवाय संशोधनासाठीच्या वापराला त्यात सशर्त सूट आहे: त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेतला जाऊ नये आणि ठरवून दिलेली मानके पाळली जावीत. त्यामुळे निवेदकाचे रक्षण कायद्यापेक्षा आराखड्यावरच जास्त अवलंबून राहते. दुसरीकडे, महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद होऊ शकते. म्हणजे देवऋषी सहज बोलता बोलता जे सांगतो, ते त्याच्याविरुद्ध पुरावाही ठरू शकते. वकील आणि अशील यांच्या बोलण्याला कायद्याने जे संरक्षण आहे, ते संशोधकाला भारतात नाही. न्यायालय किंवा पोलीस ध्वनिफीत मागू शकतात. ‘हे कुणालाही मिळणार नाही’ असे वचन संमतीपत्रात देणे म्हणूनच खोटे ठरते. ‘कायद्याने मागितल्यास द्यावे लागेल’ हे वाक्य त्यात हवेच.

एका कल्पित निवेदकावरून पुढच्या पायऱ्या स्पष्ट होतील. आटपाडी भागातला एक वयस्कर देवऋषी उत्तम धनगरी ओव्या गातो. ओव्या त्याच्या नावानेच छापल्या जाव्यात असा त्याचा आग्रह आहे आणि तो रास्तही आहे, कारण परंपरा सांभाळणाऱ्याचे नाव पुसणे हाही अन्यायच. त्याच बैठकीत तो सर्पदंशावर उतारा दिल्याची हकिकत सांगतो आणि हा भाग नावाशिवाय वापरा म्हणतो. सोपा वाटणारा मार्ग म्हणजे फाईल दोन ठिकाणी तोडायची, ओव्या नावासह खुल्या करायच्या आणि हकिकत ‘निवेदक 7’ म्हणून. हा मार्ग फसतो. ओव्यांतला आवाज आणि हकिकतीतला आवाज एकच आहे, आणि कान असलेला कोणीही दोन्ही जुळवू शकतो. आवाजाची पट्टी वरखाली केली तरी ती पुन्हा मूळ जागी आणता येते, आणि बोलीची लकब तशीच राहते. म्हणून प्रसिद्धीचा निर्णय फाईलनिहाय न घेता माणसानुसार घ्यावा. ओवी नावासह खुली झाली, तर त्या माणसाचा दुसरा कोणताही भाग आवाजात कधीच बाहेर जाऊ नये, फक्त लेखी उतारा जावा. लेखातही देवाचे नाव, घाटमाथा, मेंढवाड्याची जागा असे ओवीशी जुळणारे तपशील नकोत.

या हकिकतीत आणखी एक माणूस आहे, तो म्हणजे ज्याला साप चावला. त्याने संमती दिलेली नाही. त्याचे नाव, वाडी, तो जगला की गेला आणि कोणत्या दवाखान्यात नेला, हे लेखी उताऱ्यातून काढावे. खरे तर ते विचारूच नये. बोलणे त्या वळणावर गेले की यंत्र थांबवायचे, हे आराखड्यात आधीच लिहिलेले असावे.

ओळख झाकली गेली की नाही, हे त्याच भागात वाढलेल्या, गोपनीयतेला बांधील असलेल्या सहकाऱ्याला उतारा वाचायला देऊन कळते. ‘हा कोण?’ याचे उत्तर त्याला देता आले, तर काम अपुरे आहे. बाहेरच्या वाचकाकडून ही चाचणी होत नाही.

साठवण त्यामानाने सोपी आहे. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, मोनो अशा मुद्रणाला तासाला साधारण अर्धा जीबी लागतो. दीड-दीड तासाच्या वीस मुलाखती पंधरा जीबीच्या आसपास बसतात. जागेची अडचण नसते, धोका असतो तो नकळत वाढणाऱ्या प्रतींचा. फोनवर मुद्रण केले की ते आपोआप क्लाउडवर चढते, लिप्यंतर करणाऱ्याला व्हॉट्सॲपवर जाते, आणि काही फोन तर फाईलच्या नावातच ठिकाण घालतात. त्यापेक्षा वेगळा रेकॉर्डर बरा. त्याच संध्याकाळी फाईल `S07_01.wav` अशा सांकेतिक नावाने VeraCrypt या एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरच्या कुलूपबंद कप्प्यात हलवावी, `sha256sum` ने तिचा ठसा नोंदवावा आणि प्रती जुळल्यावरच कार्ड पुसावे. तीन प्रती पुरतात, त्यांतली एक दुसऱ्या गावी. S07 म्हणजे कोण हे सांगणारी यादी आणि सह्यांची संमतीपत्रे वेगळ्या जागी ठेवावीत. संमती तोंडी घेतली असेल, तर नाव उच्चारलेला तो तुकडाही स्वतंत्र फाईल करून तिथेच ठेवावा.

जपणुकीच्या मुदती सर्वांना सारख्या नसतात. आधी निवेदकाला माघार घेण्याची मुदत द्यावी, समजा लिप्यंतर वाचून दाखवल्यापासून सहा महिने. ती संपेपर्यंत सांकेतिक यादी नष्ट करू नये, नाहीतर माघार कोणाची हेच शोधता येत नाही. जोखमीच्या भागाचा आवाज लिप्यंतर तपासून झाल्यावर आणि ही मुदत सरल्यावर पुसावा. एसएसडीवर फाईल नुसती डिलीट केल्याने ती जाईलच असे नाही, म्हणून प्रत्येक निवेदकाचा कुलूपबंद कप्पा वेगळा ठेवून त्याच्या सर्व प्रती आणि पासवर्ड नष्ट करणे हा खात्रीचा उपाय. ही तारीख आधीपासून लिहिलेली हवी. समन्स आल्यावर पुरावा पुसणे हा गुन्हा आहे, मग आराखड्यातली तारीख उलटून गेली असली तरीही. झाकलेले लिप्यंतर प्रबंधानंतर पाच-दहा वर्षे ठेवता येते, आणि नावासह दिलेल्या ओव्या संग्रहात कायम.

या सगळ्या काळजीवर पाणी पडते ते प्रबंधाच्या परिशिष्टात. लोकसाहित्याच्या मराठी प्रबंधांत नाव, वय, जात, गाव अशी निवेदकांची यादी देण्याची जुनी रीत आहे. पूर्वी तो प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात राहत असे. आता पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या खुल्या ऑनलाइन संग्रहावर चढतात आणि गावाचे नाव टाकून शोधले तरी ती यादी सापडू शकते. त्यामुळे यादीत फक्त ज्यांनी नावाला होकार दिला त्यांचीच नावे द्यावीत. बाकीच्यांची संख्या सांगावी, आणि मुलाखतीच्या तारखांचा तक्ता जोडू नये, कारण यात्रेच्या दिवशी घेतलेली मुलाखत तारखेवरूनच गाव सांगते.