तिरक्या पायांचं स्टूल: डोळ्याला दिसणारा कोन आणि ड्रिलचा कोन

लाकडी स्टूलचे दोन प्लॅन समोर ठेवा. एकात लिहिलंय की पाय समोरून १० डिग्री तिरके आणि बाजूने १४ डिग्री. दुसऱ्यात लिहिलंय साइटलाइन ५५ डिग्री आणि ड्रिल १७ डिग्री. बघणाऱ्याला वाटतं दुसरं स्टूल जास्तच फाकलेलं असणार, पण नाही, ही दोन्ही एकाच स्टूलची मापं आहेत. पहिली जोडी डोळ्याला काय दिसतं ते सांगते आणि दुसरी जोडी हाताने काय करायचं ते सांगते, आणि बहुतेकांचं स्टूल बिघडतं ते पहिल्या जोडीतला आकडा उचलून ड्रिलला लावल्यामुळे.

मी इथे साध्या प्रकाराबद्दल बोलतोय, म्हणजे दीड इंच जाडीची एक फळी, त्यात चार आरपार गोल भोकं, पायाचं वरचं टोक गोल करून त्यात ठोकायचं आणि वरून पाचर मारायची. खाली आडव्या पट्ट्या नाहीत, फ्रेम नाही, स्क्रू तर नाहीच. इंग्लंडमधल्या विंडसर खुर्च्यांचे पाय असेच थेट फळीत बसवलेले असतात. अशा स्टूलचा सगळा भार त्या चार भोकांवर असतो म्हणून कोनाचं एवढं कौतुक.

आता कोन दोन का होतात? पाय एकाच वेळी दोन दिशांना झुकतो, लांबीच्या दिशेने थोडा आणि रुंदीच्या दिशेने थोडा. समोर उभं राहिलं की फक्त लांबीच्या दिशेचं झुकणं दिसतं, बाजूने बघितलं की फक्त रुंदीच्या दिशेचं, आणि दोन्ही वेळेला उरलेलं झुकणं डोळ्याच्या सरळ रेषेत गेल्यामुळे लपतं. पण पाय काही दोन नाहीत ना, एकच आहे, तो एकाच तिरप्या दिशेला झुकलाय. ती दिशा फळीवर काढली की जी रेघ येते ती साइटलाइन. त्या रेघेच्या टोकाला बसून, रेघेच्या दिशेने पायाकडे बघितलं तर पाय एकदम सरळ उभा दिसतो. आणि रेघेला काटकोनात जाऊन बघितलं तर त्याचं खरं झुकणं दिसतं, सगळ्यात जास्त. ड्रिलला लागतो तो हा कोन. तो दोन्ही दिसणाऱ्या कोनांपेक्षा मोठाच येतो, पण त्यांच्या बेरजेएवढा कधीच नसतो.

खरं सांगू का, मला डिग्रीपासून सुरुवात करणंच पटत नाही. पाय जमिनीवर कुठे टेकायला हवेत तिथून सुरुवात करा. आपली फळी १६ इंच लांब, ११ इंच रुंद. फळी उलटी ठेवून खालच्या बाजूला भोकांची केंद्रं मार्क केली, लांबीच्या टोकापासून ३ इंच आत आणि रुंदीच्या कडेपासून अडीच इंच आत, म्हणजे भोकांमध्ये लांबीला १० इंच आणि रुंदीला ६ इंच अंतर. फळीच्या खालच्या बाजूपासून जमीन १६ इंचावर, म्हणजे बसायची उंची साडेसतरा. स्टूल अरुंद आहे म्हणून ते पुढे-मागे कलंडायची भीती जास्त, त्यामुळे रुंदीच्या दिशेने पाय जास्त बाहेर हवेत. ठरवलं की प्रत्येक पाय रुंदीच्या दिशेने ४ इंच बाहेर जाईल आणि लांबीच्या दिशेने २ इंच साडेसहा सूत. म्हणजे जमिनीवर पायांची चौकट झाली साधारण साडेपंधरा बाय १४ इंच. रुंदीला पाय फळीच्या बाहेर दीड-दीड इंच जातात आणि लांबीला फळीच्या कडेखालीच राहतात, त्यामुळे येता-जाता पाय अडकत नाही.

आता कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. भोकाच्या केंद्रापासून फळीच्या लांबीला समांतर, बाहेरच्या बाजूला २ इंच साडेसहा सूत मोजा, तिथून काटकोनात रुंदीच्या दिशेने बाहेर ४ इंच मोजा (पॉइंट फळीच्या बाहेर गेला तर खाली मोठं प्लायवूड ठेवून त्यावर मार्क करा), आणि तो पॉइंट केंद्राला जोडा. ही झाली साइटलाइन, ती लांबीच्या कडेशी ५५ डिग्री करते. आणि जोडलेल्या रेघेची लांबी मोजली तर साधारण ४ इंच ७ सूत भरते. आता दुसऱ्या प्लायवर गुण्या लावून एक काटकोन त्रिकोण काढायचा, उंची १६ इंच, पाया ४ इंच ७ सूत. त्याची तिरकी बाजू उभ्या रेघेपासून जेवढी कललेली तो ड्रिलचा कोन, मोजा, १७ डिग्री येईल. बेव्हल गेज, म्हणजे पातं हव्या त्या कोनात फिरवता येणारा गुण्या, तिथेच लावून घट्ट करा, आकडा लिहिलाही नाही तरी चालतं. गणित हवंच असेल तर दोन्ही दिसणाऱ्या कोनांचे टॅन घ्या, वर्ग करून बेरीज करा, वर्गमूळ काढा, जे येईल तो ड्रिलच्या कोनाचा टॅन. १० आणि १४ टाकून बघा, १७ च येतात.

गफलत केली तर काय होतं ते याच स्टूलवर बघू. कोणी प्लॅनमधला १० चा आकडा घेतला आणि बरोब्बर साइटलाइनवर १० डिग्रीने ड्रिल केलं, तर पाय रुंदीच्या दिशेने ४ च्या ऐवजी जेमतेम सव्वादोन इंच बाहेर जातो. जमिनीवरची रुंदी १४ ऐवजी साडेदहा इंच, फळी ११ ची, म्हणजे पाय फळीच्या आतच राहिले. असं स्टूल दिसायला बरं दिसतं, मधोमध बसलं तर काही होत नाही, पण कोणी कडेवर टेकून मोजे घालायला वाकला की मागचे दोन पाय उचलतात. १४ घेतले तर रुंदी साडेबारा येते, ते चालून जातं, फक्त जे ठरवलं होतं ते दिसत नाही. उलट कोणी दोन्हीची बेरीज करून २४ डिग्री लावले तर पाय पावणेसहा इंच बाहेर जातो, स्टूलची जमिनीवरची रुंदी साडेसतरा होते, ठेचा लागतात, आणि मुख्य म्हणजे पाय जेवढा आडवा तेवढा बसणाऱ्याच्या वजनाचा पीळ पायाच्या गोल टोकावर जास्त येतो आणि काही महिन्यांनी तो सांधा हलायला लागतो. चौथा प्रकार असा की कोन बरोबर १७ घेतला पण ड्रिल फळीच्या कडेला समांतर झुकवलं, मग पाय एकाच दिशेने फाकतो आणि दुसऱ्या बाजूने काठीसारखा सरळ दिसतो. हा प्रकार लगेच ओळखता येतो, पहिला येत नाही, म्हणून पहिला जास्त वाईट.

प्रत्यक्ष ड्रिल करताना फळी उलटीच ठेवा आणि ड्रिल म्हणजेच पाय आहे असं समजा. बेव्हलचा दांडा साइटलाइनवर ठेवायचा, पातं बाहेरच्या कोपऱ्याकडे कललेलं, ड्रिलचं मागचं टोकही तिकडेच. मग दोन ठिकाणांहून तपासायचं. रेघेला काटकोनात उभं राहून बघितलं की बिट बेव्हलच्या पात्याला समांतर हवा, आणि रेघेच्या टोकाकडून बघितलं की बिट गुण्याला समांतर, म्हणजे एकदम उभा. ड्रिल चालवणाऱ्याला दोन्ही दिसत नाही त्यामुळे घरातल्या कोणालातरी एका बाजूला उभं करा. ड्रिल प्रेस असेल तर टेबल १७ वर लॉक करा, आणि प्रत्येक भोकासाठी फळी फिरवून साइटलाइन टेबलाच्या उताराच्या दिशेत आणा, टेबलाला परत हात लावायचा नाही. आणि खाली भंगारातली फळी पक्की दाबून ठेवा, नाहीतर बिट बाहेर पडताना वरच्या बाजूचे टवके उडतात. भोक वरच्या बाजूला निघतं ते खालच्या केंद्रापेक्षा जवळजवळ अर्धा इंच आत, मध्याकडे, तेव्हा दचकू नका, ते तसंच हवं.

किती चुकलं तर चालतं? ड्रिल एक डिग्री इकडेतिकडे झालं तर जमिनीवर पाय अडीच सूत सरकतो, आणि साइटलाइन पाच डिग्री चुकली तर साडेतीन सूत. दोन्हीने मजबुतीत फरक पडत नाही, पण शेजारचे दोन पाय वेगवेगळे कललेले डोळ्याला लगेच खुपतात. म्हणून चारही सारखेच चुकलेले परवडले.

पायाला टोकाजवळ खांदा, म्हणजे जाडी एकदम कमी होते ती पायरी, ठेवू नका. पाय तिरका घुसतो त्यामुळे खांद्याची एकच बाजू फळीला टेकते आणि दुसरीकडे फट राहते, त्यापेक्षा पाय वरच्या टोकाकडे हळूहळू निमुळता करत आणून शेवटचे दोन इंच सरळ एक इंच गोल ठेवलेला बरा. पायाची एकूण लांबी २० इंच घ्या, कारण तिरका असल्यामुळे फळीखालीच पावणेसतरा इंच लागतात, फळीच्या आत दीड इंचाच्या थोडं वर, आणि बाकीचं दोन्ही टोकांना कापायला.

पाचरीच्या बाबतीत लोक परत साइटलाइनच्या नादी लागतात. पायाच्या टोकातली करवतीची चीर साइटलाइनच्या दिशेने ठेवायची असं वाटतं, कारण बाकी सगळं तिच्यावरच चाललंय. पण इथे तिचा काही संबंध नाही. पाचर फळीच्या लाकडातल्या रेषांना काटकोनात बसली पाहिजे. रेषांच्या दिशेत बसवली तर ती फळीला सरपण फोडल्यासारखी उभी चिरते, आणि भोकं टोकापासून तीनच इंचावर असल्यामुळे चीर थेट कडेपर्यंत जाते. टोक गोल आहे त्यामुळे पाय भोकात कसाही फिरवता येतो, फेव्हिकॉल लावून ठोकायच्या आधी चीर नीट फिरवून घ्या.

तीन पायांच्या गोल स्टूलला हा सगळा घोळच नाही. तिथे साइटलाइन म्हणजे भोकापासून फळीच्या मध्यबिंदूकडे जाणारी रेघ, आणि कोन एकच, तो त्रिकोणातून काढलेला. समोरून किती, बाजूने किती, हे विचारायचंच नाही.

आणि गोंद लावायच्या आधी चारही पाय कोरडे बसवून, स्टूल सपाट फरशीवर उभं करून टेप लावा. साडेपंधरा बाय १४ च्या आसपास आलं तर पुढे जा. रुंदी साडेदहाच्या जवळ आली तर ड्रिल १० वर चाललं होतं, आणि साडेबारा आली तर १४ वर. असं झालं तर तीच भोकं रुंद करत बसण्यापेक्षा त्यात दांडा चिकटवून बुजवा आणि फळी पालथी करून दुसरी बाजू वर घ्या, साइटलाइन परत काढा, नवीन भोकं जुन्या भोकांपासून किमान दीड इंच लांब.