धावते वाचन व शोधक वाचन

परीक्षेतील उतारा ठरावीक वेळात सोडवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दोन वाचनरीती. धावत्या वाचनात मजकुरावरून भराभर नजर फिरवून आशय व मांडणीचा अंदाज घेतला जातो. शोधक वाचनात आधीच ठरवलेली एखादी गोष्ट (नाव, वर्ष, आकडा) शोधली जाते आणि बाकीचा मजकूर मुद्दाम वाचायचा टाळला जातो. विदर्भातील तालुक्याच्या गावांमधल्या अभ्यासिकांत पहिलीला ‘उतारा चाळणे’ आणि दुसरीला ‘उत्तर हुडकणे’ म्हटले तरी समजते. राज्य मंडळाच्या मराठी पाठ्यपुस्तकांतील ‘स्थूलवाचन’ हा विभाग वेगळा आहे. तेथे जादा पाठ अवांतर वाचनासाठी असतात, त्यांचा वेळेच्या दडपणाशी संबंध नाही. तरीही काही मार्गदर्शकांत ही संज्ञा धावत्या वाचनासाठी वापरली जाते. तो वापर टाळलेला बरा.

पूर्वपीठिका. वाचताना डोळा ओळीवरून अखंड सरकत नाही. तो थांबत थांबत उड्या घेतो. या उड्यांचा शोध फ्रेंच नेत्रवैद्य लुई एमिल जावाल (१८३९–१९०७) यांनी १८७९ च्या सुमारास लावला, असे बऱ्याच संदर्भग्रंथांत आढळते. एडमंड ह्यूई यांच्या १९०८ मधील वाचनविषयक ग्रंथामुळे हे श्रेय रूढ झाले असावे. निकोलस वेड व बेंजामिन टॅटलर यांनी मूळ लेख तपासून या समजुतीला आक्षेप घेतला आहे. त्यांच्या मते जावाल यांनी वाचताना होणारी नेत्रगती स्वतः मोजलीच नव्हती. त्यांच्या प्रयोगशाळेतील लामार यांनी पापणीवर नळी टेकवून डोळ्याच्या हालचालींचे आवाज ऐकले आणि त्याचे वर्णन १८९२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतंत्रपणे, १८७९ मध्येच जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ एवाल्ड हेरिंग यांनीही ऐकण्याच्याच पद्धतीने या तुटक हालचाली टिपल्या होत्या. निरीक्षणाचे श्रेय हेरिंग व लामार यांना आणि या उड्यांसाठीचा ‘सॅकाड’ हा शब्द वाचनाच्या चर्चेत आणल्याचे श्रेय जावाल यांना, ही वाटणी अधिक सयुक्तिक दिसते.

परीक्षार्थीच्या दृष्टीने या वादापेक्षा त्यातून पुढे आलेली मर्यादा महत्त्वाची आहे. इंग्रजी मजकुरावर सराईत वाचकाचा डोळा एका ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबतो. तेवढ्यात त्याला उजवीकडची १४-१५ अक्षरे अंधुकपणे जाणवतात, पण शब्द नक्की ओळखू येतो तो त्याच्या निम्म्या अंतरापर्यंतच. हे आकडे इंग्रजीचे आहेत. वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरांच्या देवनागरीला ते जसेच्या तसे लावू नयेत. तरी तत्त्व तेच राहते : अख्खी ओळ एका नजरेत ‘उचलता’ येत नाही. एव्हलिन वुड यांनी अमेरिकेत १९५९ मध्ये सुरू केलेल्या जलदवाचन-वर्गांचा दावा नेमका याच्या उलट होता. जस्ट व कार्पेंटर यांनी १९८० च्या दशकात अशा प्रशिक्षित वाचकांची तुलना केवळ चाळणाऱ्यांशी केली. सोप्या मजकुराचा गोषवारा दोघांनाही सांगता आला, पण ज्या तपशिलावर डोळा थांबलाच नव्हता त्यावरचे प्रश्न दोघांनाही जड गेले. चाळणे म्हणजे काय सोडायचे ते ठरवणे, हा अर्थ येथून निघतो.

कोठे उपयोगी, कोठे नाही. उताऱ्याची लांबी पाहिल्याशिवाय या रीती वापरू नयेत. तलाठी भरतीच्या २०२३ च्या परीक्षेत १०० प्रश्नांना १२० मिनिटे होती, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. दोनशे शब्दांचा उतारा आणि त्यावर पाच प्रश्न असतील, तर या हिशेबाने सहा मिनिटे मिळतात. मिनिटाला १५० शब्द या सावकाश गतीनेही उतारा ८० सेकंदांत वाचून होतो. तो चाळण्याने वेळ वाचत नाही. उलट तपशील निसटल्यामुळे दोनदा वाचावा लागतो. आयईएलटीएस या इंग्रजी भाषा-चाचणीतील अकॅडेमिक वाचन-परीक्षेचे गणित निराळे आहे. तेथे तीन उतारे मिळून २,१५० ते २,७५० शब्द असतात, त्यांवर ४० प्रश्न, वेळ ६० मिनिटे आणि उत्तरे उतरवायला वेगळा वेळ नाही. सगळे शब्द एकदा वाचण्यातच याच गतीने १४ ते १८ मिनिटे जातात. प्रत्येक प्रश्नासाठी उतारा पुन्हा पहिल्यापासून वाचणारा उमेदवार तिसऱ्या उताऱ्यापर्यंत क्वचितच पोचतो.

मराठी मजकुरातील अडचण. बाजारातील बहुतेक मार्गदर्शके इंग्रजी उतारा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. ‘मोठी अक्षरे शोधा’ हा त्यांतला पहिला सल्ला देवनागरीत निरुपयोगी ठरतो, कारण येथे लहान-मोठी लिपी नाही. विशेषनाम इतर शब्दांसारखेच शिरोरेषेखाली बसलेले असते. त्याहून मोठी अडचण सामान्यरूपाची. प्रश्नात ‘वर्धा’ असते आणि उताऱ्यात ‘वर्ध्याहून’. ‘अकोला’चे ‘अकोल्यात’, ‘भंडारा’चे ‘भंडाऱ्याचे’, तर ‘चंद्रपूर’चे ‘चंद्रपुरातील’ होऊन दीर्घ ऊकार ऱ्हस्व झालेला. प्रश्नातला शब्द जसाच्या तसा मनात धरून नजर फिरवणाऱ्याला तो उताऱ्यात ‘नाही’ असे वाटते. अमरावती, गडचिरोली ही नावे मात्र विभक्ती लागली तरी मुळातून बदलत नाहीत, म्हणून सापडतात. उपाय साधा आहे : शब्दाचा न बदलणारा आरंभ (‘वर्ध’, ‘अको’, ‘भंडा’, ‘चंद्रप’) धरून शोधावे आणि शेवटाकडे दुर्लक्ष करावे. वऱ्हाडीत ‘मला’चे ‘मले’ होते, त्यामुळे बोलीतल्या कानाला प्रमाण मराठीतील प्रत्यय आधीच परके असतात. आरंभावर नजर ठेवली की ती अडचणही बाजूला राहते.

दुसरी गोष्ट वाक्यरचनेची. मराठी वाक्याचा होकार-नकार शेवटी क्रियापदात ठरतो. इंग्रजी चाळताना वाक्याचा पूर्वार्ध पाहून पुढे गेले तरी बऱ्याचदा निभावते. मराठीत ‘असे म्हणता येत नाही’ ही शेपटी सुटली की अर्थ उलटतो. म्हणून सापडलेल्या शब्दापासून पूर्णविरामापर्यंत वाचणे हा येथे नियम मानावा.

नमुना. पुढील उतारा रीत दाखवण्यापुरता आहे; प्रत्यक्ष परीक्षेत इतका छोटा उतारा सरळ वाचून काढावा.

*बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर बेसाल्ट खडकात पडलेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात आहे. ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये त्याची नोंद केली. हे विवर ज्वालामुखीचे असावे असा समज दीर्घकाळ होता. उल्काघाताच्या खुणा सापडल्यावर तो मागे पडला.*

*विवराचे वय आधी सुमारे ५२ हजार वर्षे मानले जाई. आर्गॉन पद्धतीने केलेल्या मापनातून मात्र ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे निघाले.*

*जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हा बदल झाल्याचे तपासणीत आढळले. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.*

आधी धावती नजर. प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य पुरे आणि बाकीच्यांतले ‘मात्र’, ‘परंतु’, ‘म्हणून’ यांसारखे वळणाचे शब्द टिपायचे. हाती लागते ते असे : पहिल्यात ओळख, दुसऱ्यात वय आणि त्यात एक पलटी, तिसऱ्यात रंग. समासात पेन्सिलीने ‘ओळख / वय / रंग’ लिहिले की नकाशा तयार झाला. संगणकावरील बऱ्याच परीक्षांत उताऱ्यावर खूण करता येत नाही, तेव्हा हेच तीन शब्द कच्च्या कागदावर लिहावे लागतात. अभ्यासिकेत छापील संचावर सराव करून थेट जिल्ह्याच्या केंद्रावर पडद्यासमोर बसणारे उमेदवार येथेच अडखळतात : उतारा वर-खाली सरकवला की मघाशी पाहिलेली जागा हरवते.

आता प्रश्न. ‘सरोवराला रामसर दर्जा कोणत्या वर्षी मिळाला?’ यात शोधायचे ‘रामसर’. ते तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी आहे. त्या वाक्यात वर्ष मात्र नाही, ‘त्याच वर्षी’ आहे. दोन वाक्ये मागे गेल्यावर २०२० मिळते. वर्षाचे आकडेच शोधणाऱ्याला आधी १८२३ भेटते आणि २०२० सापडले तरी ते रंगबदलाशी जोडलेले दिसते. सर्वनाम किंवा ‘त्याच’, ‘या’, ‘तेथे’ असा शब्द दिसला की मागे जायचे, ही सवय यासाठीच लागते.

‘नव्या मापनानुसार विवराचे वय किती?’ येथे आकडे शोधणारी नजर ५२ वर थांबते, कारण दुसरी संख्या अक्षरांत लिहिलेली आहे. प्रश्नकर्ता पर्यायांत ‘५२,०००’ आणि ‘५,७०,०००’ दोन्ही देतो. धावत्या नजरेत टिपलेली ‘पलटी’ येथे कामी येते : ‘मात्र’च्या अलीकडचे उत्तर सहसा जुने मत असते.

तिसरा प्रश्न विधानाचा : ‘हे विवर उल्काघाताने झाले, असे अलेक्झांडर यांनी दाखवून दिले.’ बरोबर, चूक की उल्लेख नाही? अलेक्झांडर आणि उल्काघात एकाच परिच्छेदात आहेत, म्हणून घाईत ‘बरोबर’वर खूण होते. खुणा कोणी शोधल्या हे उतारा सांगत नाही. अलेक्झांडर यांनी फक्त नोंद केली. उत्तर ‘उल्लेख नाही’. दोन शब्द जवळ सापडणे आणि त्यांच्यात संबंध असणे यांत फरक करणे शोधक वाचनाला जमत नाही. तेथे ती दोन-तीन वाक्ये सावकाशच वाचावी लागतात. ‘चूक’ आणि ‘उल्लेख नाही’ यांत घोळ झाला, तर उताऱ्यात विधानाच्या विरुद्ध जाणारे वाक्य बोटाने दाखवता येते का ते पाहावे. दाखवता आले तर ‘चूक’.

मर्यादा. डगन व पेन यांच्या २००९ मधील प्रयोगांत चाळणाऱ्या वाचकांना महत्त्वाच्या कल्पना अधिक आठवल्या. बारीक तपशील आणि अनुमाने यांत तसा फायदा दिसला नाही. म्हणून ‘लेखकाचा सूर कोणता’, ‘यावरून काय सूचित होते’ या जातीचे प्रश्न शेवटी ठेवून त्यांना उरलेला वेळ देणे योग्य.

चार्ल्स अल्डरसन यांनी १९८४ मध्ये विचारलेला प्रश्न असा : परभाषेत वाचन अडते ते वाचनकौशल्यामुळे की भाषेमुळे? भाषेची एक किमान पातळी गाठेपर्यंत मातृभाषेतील वाचनाच्या सवयी कामाला येत नाहीत, या मताकडे बहुतेक अभ्यासकांचा कल आहे. मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी-माडिया बोलणाऱ्या विद्यार्थ्याला मराठी उताराही परभाषेतलाच असतो, आणि इंग्रजी तर तिसरी भाषा. ओळीतील दर चौथा-पाचवा शब्द अनोळखी असेल, तर वळणाचे शब्द ओळखून नकाशा काढणे शक्यच होत नाही. अशा वेळी नावे व आकडे यांच्यावरचे प्रश्न शोधक वाचनाने सोडवता येतात, आशयाचे येत नाहीत.