इन्व्हर्टेजचे प्रॅक्टिकल आणि 1/v चा आलेख : पार्श्वभूमी

ऊस तोडून ट्रॉली कारखान्याच्या गेटवर दोन दिवस उभी राहिली की रिकव्हरी घसरते, हे अथणी-चिकोडीकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. उसातली साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि ती फोडण्यात उसातल्याच इन्व्हर्टेजचा मोठा हात असतो. बेकरीतल्या ड्राय यीस्टमध्येही हे एन्झाइम भरपूर असते. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या बी.एस्सी.च्या मुलांना Vmax, म्हणजे एन्झाइमचा कमाल वेग, आणि Km, म्हणजे ज्या साखरेला वेग त्याच्या निम्मा असतो ती साखर, काढायला इन्व्हर्टेजइतके सोयीचे एन्झाइम दुसरे नाही. वाद आहे तो हे आकडे 1/v च्या आलेखावरून काढावेत का, याचा. योगायोग असा की ज्या प्रयोगातून Km ही राशी रूढ झाली, तो प्रयोगही इन्व्हर्टेजवरच झाला होता.

सीमाभागात शब्दांपासूनच गोंधळ सुरू होतो. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाने ‘विकर’ वाचलेले असते. शेजारी बसलेली कन्नड माध्यमाची मुलगी त्यालाच ‘किण्व’ म्हणते. मराठीत किण्वन म्हणजे आंबवणे, म्हणून मराठी मुलाला ती यीस्टबद्दल बोलते आहे असे वाटते. जर्नल इंग्रजीत लिहायचे असल्याने शेवटी दोघेही एन्झाइमच म्हणतात. इथेही तोच शब्द वापरला आहे.

साखर फुटण्याच्या वेगाचे समीकरण 1902-03 च्या सुमारास पॅरिसमध्ये मांडले गेले होते, पण त्यामागची मोजमापे डळमळीत होती. आम्लता स्थिर ठेवलेली नव्हती. शिवाय साखरेतून नुकताच सुटलेला ग्लुकोज काही मिनिटे आपले रूप बदलत राहतो, त्यामुळे द्रावणातून जाणारा ध्रुवित प्रकाश किती वळतो हे मोजणाऱ्या पोलॅरिमीटरचे वाचनही सरकत राहते, आणि तेही लक्षात घेतले गेले नव्हते. 1913 साली बर्लिनमध्ये दोघा संशोधकांनी हे दोन्ही दोष काढले. त्यांनी अ‍ॅसिटेट बफर वापरला, आणि ठरलेल्या वेळी नमुना अल्कलीत टाकला. अल्कलीने एन्झाइम थांबते आणि ग्लुकोजचे रूपांतरही चटकन पूर्ण होते. त्यांनी फक्त सुरुवातीचा वेग घेतला, म्हणजे साखर फारशी संपलेली नसतानाचा आणि तयार झालेला माल आड येत नसतानाचा. आज आपण परीक्षानळीत डीएनएस हे साखर मोजायचे अभिकर्मक ओततो तेव्हा तेच करतो. डीएनएसमधला सोडियम हायड्रॉक्साइड एन्झाइम बंद पाडतो, आणि उकळल्यावर येणारा रंग सुटलेली साखर मोजून देतो.

त्यांना मिळालेला Km 16.7 मिलिमोलर होता. त्यांच्या लेखी तो एन्झाइम आणि साखर यांची जोडी सुटण्याचा स्थिरांक होता. 1925 मध्ये केंब्रिजच्या दोघांनी स्थिर-अवस्थेच्या गृहीतकावरून तेच समीकरण काढले, आणि त्यात Km चा अर्थ आणखी सैल झाला. ‘Km कमी म्हणजे पकड घट्ट’ हे वाक्य त्यानंतर दरवेळी खरे ठरत नाही, तरी व्हायव्हात ते आजही विचारले जाते. प्रॅक्टिकलपुरते एवढेच धरून ठेवावे की ज्या साखरेला वेग Vmax च्या निम्मा असतो, ती साखर म्हणजे Km.

वादाचा खरा मुद्दा 1934 सालचा आहे. बर्लिनच्या त्या दोघांनी वेग साखरेच्या लॉगॅरिदमवर आखला होता, आणि त्यातून वक्रच मिळत होता. वक्र पाहून Vmax चा अंदाज घ्यायचा, तर रेषा कुठे आडवी होईल हे डोळ्यांनी ठरवावे लागते. 1934 मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी समीकरण उलटे केले. वेग v आणि साखरेचे प्रमाण [S] धरले, तर 1/v हे 1/[S] वर आखले की सरळ रेषा येते. ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तो बिंदू 1/Vmax, आणि आडव्या अक्षाला मागे जिथे छेदते तो −1/Km. पट्टी, पेन्सिल आणि ग्राफ पेपर एवढ्यात काम भागले. कॅल्क्युलेटर नसलेल्या काळात हा आलेख पसरला यात नवल नाही. परीक्षकालाही तो नजरेने तपासता येतो. पण मधल्या काळात एक गोष्ट गळून पडली. हा आलेख काढणाऱ्यांना त्यातला दोष ठाऊक होता. त्याच वर्षी संख्याशास्त्रज्ञाला सोबत घेऊन त्यांनी प्रत्येक बिंदूला वेगवेगळे वजन द्यायची रीतही वापरली होती. पाठ्यपुस्तकांनी रेषा उचलली आणि वजने मागे ठेवली. आमच्या मते या प्रॅक्टिकलमध्ये जे चुकते, त्यातले निम्मे या एका गोष्टीमुळे चुकते.

त्याचा परिणाम आकड्यांत पाहू. नळीत एकूण 2 मिलिलिटर द्रव आहे, बफर अ‍ॅसिटेटचा, वेळ 5 मिनिटे. साखरेचे मूळ द्रावण 200 मिलिमोलर. समजा एन्झाइमचा खरा Km 25 मिलिमोलर आणि खरा Vmax 0.80 मायक्रोमोल प्रति मिनिट आहे. नळीतली अंतिम साखर 5, 10, 25, 50 आणि 100 मिलिमोलर ठेवली, तर वेग अनुक्रमे 0.133, 0.229, 0.400, 0.533 आणि 0.640 यायला हवेत. शेवटच्या चार नळ्या अगदी अचूक आल्या असे धरू.

आता पहिली नळी. 5 मिलिमोलर साठी 200 मिलिमोलरच्या द्रावणातून 0.05 मिलिलिटर घ्यायचे असते. 1 मिलिलिटरच्या पिपेटवर ही खूण म्हणजे पाच बारीक रेघा. डोळा एका रेघेने चुकला आणि 0.04 गेले, तर नळीत 5 ऐवजी 4 मिलिमोलर साखर पडते आणि वेग 0.110 येतो. जर्नलमध्ये मात्र साखर 5 असेच लिहिले जाते.

0.110 चा व्यस्त 9.09 आणि 0.133 चा 7.5. हा बिंदू आलेखावर सगळ्यात उजवीकडे, बाकीच्यांपासून लांब पडतो, आणि दाराच्या कडीसारखा सगळी रेषा आपल्याकडे ओढतो. पाचही बिंदूंमधून सरळ प्रतिगमन रेषा काढली तर Vmax 1.03 आणि Km जवळपास 41 मिलिमोलर मिळतो. चार नळ्या निर्दोष असूनही एका रेघेच्या चुकीने Km दीडपटीहून जास्त वाढला. शिवाय रेषा दिसायला चांगली असते आणि R² ही पटण्याजोगा येतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही.

हेच पाच आकडे [S]/v विरुद्ध [S] असे मांडले, तर Km सुमारे 28.6 आणि Vmax 0.83 येतो. 1/v च्या रेषेलाच v च्या चौथ्या घाताचे वजन दिले, म्हणजे 1934 च्या मूळ रीतीने, तर Km 26 वर येतो. आकडे आणि चूक तीच आहे, फरक एवढाच की कुठल्या बिंदूचे किती ऐकायचे हे बदलले.

1961 पासून वक्रच थेट बसवण्याची गणिती पद्धत संशोधनात रुळू लागली. 1974 मध्ये आणखी एक रीत आली, आणि तिला गणितही लागत नाही. प्रत्येक नळीसाठी आडव्या अक्षावर −[S] आणि उभ्या अक्षावर v हे दोन बिंदू पट्टीने जोडायचे आणि रेषा पुढे वाढवायची. पाच नळ्यांच्या पाच रेषा, त्यांचे दहा छेदबिंदू. छेदबिंदूंच्या आडव्या मूल्यांचा मध्यक म्हणजे Km, उभ्यांचा मध्यक म्हणजे Vmax. आपल्या उदाहरणात चांगल्या चार रेषा आपापसात सहा वेळा छेदतात आणि सहाही वेळा 25 व 0.80 वरच. बिघडलेल्या रेषेचे चार छेद इकडेतिकडे पडतात, त्यातला एक तर दोन्ही अक्षांच्या ऋण बाजूला जातो. मध्यकावर त्यांचा काहीच परिणाम होत नाही. उत्तर 25 आणि 0.80. प्रत्यक्षात चांगल्या नळ्याही थोड्या हलतात, म्हणून उत्तर इतके नेमके येणार नाही. तरी एक वाईट नळी सगळा निकाल ओढून नेऊ शकत नाही, हा फायदा कायम राहतो. ही रीत आमच्या भागातल्या जर्नलांत दिसायला हवी होती.

आता कॉलेजात संगणक असतोच. एक्सेलमध्ये A2:A6 मध्ये साखर, B2:B6 मध्ये वेग, F1 मध्ये Vmax चा आणि F2 मध्ये Km चा अंदाज टाकायचा.

```
C2:  =$F$1*A2/($F$2+A2)      (C6 पर्यंत ओढा)
F4:  =SUMXMY2(B2:B6,C2:C6)
```

मग सॉल्व्हरला F1 आणि F2 बदलून F4 कमीत कमी करायला सांगायचे, पद्धत GRG Nonlinear. वरच्या आकड्यांवर Km 27 च्या आसपास आणि Vmax 0.81 येतो. सुरुवातीचे अंदाज शून्य देऊ नयेत. सगळ्यात मोठा वेग Vmax साठी आणि मधली साखर Km साठी दिली तरी चालते.

पद्धत कुठलीही घेतली तरी नळीतल्या काही चुका ती झाकू शकत नाही. पहिली चूक म्हणजे मूळ द्रावणाची साखर आलेखावर घेणे. 1 मिलिलिटर द्रावण 2 मिलिलिटरच्या नळीत निम्मे होते, हे विसरले की Km दुप्पट वाटतो. दुसरी चूक, एका साखरेतून डीएनएसला दोन क्षपणकारक शर्करा दिसतात आणि त्यासाठी वेग निम्मा केला जात नाही. त्याने Vmax दुप्पट होतो, Km ला धक्का लागत नाही. तिसरी चूक कोऱ्या नळीची. ती प्रत्येक साखरेसाठी वेगळी हवी आणि तिच्यात डीएनएस आधी, एन्झाइम नंतर घालायचे. 100 मिलिमोलरच्या नळीत साखरेबरोबर आलेली थोडी क्षपणकारक अशुद्धीही जाणवते. म्हणूनच प्रयोगाला गूळ चालत नाही, त्यात फुटलेली साखर आधीपासून असते.

सुरुवातीचा वेग आहे की नाही, हे सगळ्यात कमी साखरेच्या नळीवरून कळते. 5 मिलिमोलरच्या नळीत एकूण 10 मायक्रोमोल साखर असते. 5 मिनिटांत त्यातली 0.67 मायक्रोमोल, म्हणजे साधारण 7 टक्के फुटते, हे चालते. रंग फिका आला म्हणून वेळ 15 मिनिटे केली तर पाचवा भाग संपायला येतो, आणि त्या नळीचा वेग खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो. म्हणजे पुन्हा तीच नळी बिघडते, त्याच दिशेने. साखर फार वाढवली तर उलट बाजूने अडचण येते. दाट साखरेत इन्व्हर्टेज मंदावते, आणि 1/v च्या रेषेचे उभ्या अक्षाजवळचे टोक वर वळते. ते बिंदू रेषेत ओढून बसवू नयेत, सोडून द्यावेत.

परीक्षेत 1/v चा आलेख मागितला जातो तोवर तो काढावाच लागेल. तेव्हा आधी 200 मिलिमोलरचे द्रावण दहापट पातळ करून 20 मिलिमोलरचे करून ठेवावे, आणि 5 मिलिमोलरच्या नळीसाठी त्यातले 0.5 मिलिलिटर घ्यावे. मग एक रेघ चुकली तर फरक 20 टक्क्यांचा न राहता 2 टक्क्यांचा होतो. रेषा काढून झाली की उजवीकडचा शेवटचा बिंदू बोटाखाली झाकून उरलेल्या चारांतून पुन्हा पट्टी लावावी. Km जागचा हलला, तर ती नळी परत करावी.