कौलारू छपराची लाकडी कैची

बेळगाव-खानापूर भागातील लहान घरांवर मंगलोरी कौलांचे दुपाखी छप्पर पेलणारा लाकडी त्रिकोणी सांगाडा म्हणजे कैची. तळाची आडवी तुळई, दोन मुख्य वासे, मधला खांब आणि त्याच्या पायातून वाशांना टेकणारे दोन तिरपे टेकू हे तिचे भाग. वीस फूट रुंदीच्या घराला ती पुरते. लाकूड सागाचे किंवा ऐनाचे (इकडे मत्ती) आणि चांगले वाळलेले हवे. ओले वापरले तर पुढे आकसून सांधे सैल पडतात.

उतार पावसावर ठरतो. वीस फुटी घरात दहा फुटांना पाच फूट चढ दिला की सुमारे साडेसव्वीस अंशांचा उतार मिळतो आणि बेळगाव शहराकडे तो भागतो. जांबोटी-कणकुंबीकडे मात्र तीस अंश, म्हणजे पावणेसहा फूट चढ द्यावा. वासा तुळईपासून आढ्यापर्यंत साडेअकरा फूट भरतो. उतार कमी पडला की वाऱ्याने ढकललेले पाणी कौलांच्या जोडाखालून वर चढते. कौल फुटलेले नसताना रीप ओली दिसली, तर दोष बहुधा उताराचाच असतो.

दहा फुटांवर एक कैची धरली तर तिच्या वाट्याला सव्वातीनशेच्या आसपास कौले येतात. कोरडी असतानाच ती आठशे किलो भरतात आणि पावसात पाणी पिऊन आणखी जड होतात. हा भार वाशांचे पाय बाहेर रेटतो आणि तुळई त्यांना ओढून धरते. म्हणून वाशाची खाच तुळईच्या टोकापासून किमान फूटभर आत घ्यावी, शिवाय बोल्ट घालावा. पुढे लाकूड कमी राहिले तर टोक रेषेरेषेने सुटते. खाचेपासून टोकाकडे धावणारी आडवी चीर ही त्याची पहिली खूण.

मधला खांब तुळईवर उभा आहे असे समजून काम करणे ही नेहमीची चूक. तो आढ्यापासून लोंबतो आणि तुळईला वर उचलून धरतो. त्यामुळे खालचा सांधा नुसत्या कुसावर सोडू नये. तुळईखालून लोखंडी पट्टी घेऊन ती खांबाला बोल्टने आवळावी. पट्टी नसेल तर तुळई मधोमध झोल खाते.

कैची आपल्या पातळीत कितीही पक्की असली तरी बाजूला सहज कलते. रिपा आणि कौले तिला आवरत नाहीत, कारण कौले नुसती अडकवलेली असतात. म्हणून पहिल्या दोन कैच्या ओळंब्यात उभ्या करून, एकीच्या खांबाच्या पायापासून दुसरीच्या आढ्यापर्यंत तिरपी फळी आणि तिला छेदणारी दुसरी, अशी फुली ठोकावी. शेवटच्या दोघींतही तशीच फुली हवी. वाशांच्या खालच्या अंगाला, पाख्याच्या पातळीत, वळचणीच्या कोपऱ्यापासून आढ्याकडे आणखी एक तिरपी पट्टी जावी. या फुल्या नसतील तर वारा त्रिकोणी भिंतीवर आदळला की सगळ्या कैच्या एकाच दिशेला झुकतात. खांबाला ओळंबा लावून पाहावे. अर्धा इंच फरक दिसला तरी कौले चढवण्याआधीच सरळ करून घ्यावे.

कौले वळचणीपासून वर, दोन्ही पाख्यांवर बरोबरीने चढवत न्यावीत. एकच बाजू आधी भरली तर एकांगी भाराने कैची तिरकी दबते आणि टेकूंचे सांधे उघडतात.