बोलेल त्याचीच नोंद: स्विच पत्ते कसे शिकतो

संगणकांना केबलींनी एका जाळ्यात जोडणारा नवाकोरा स्विच खोक्यातून काढा, वीज द्या, चार-पाच केबली खोचा आणि मिनिटभराने त्याचं कोष्टक उघडून पाहा. कोणत्या पोर्टमागे कोणतं यंत्र आहे, हे त्यात लिहिलेलं दिसतं. ही माहिती कोणी भरलेली नसते, आणि स्विचनेही ती कोणाला विचारलेली नसते. त्याने फक्त येणाऱ्या प्रत्येक फ्रेमवरचं, म्हणजे माहितीच्या प्रत्येक पुडक्यावरचं, पाठवणाऱ्याचं नाव वाचलेलं असतं.

इथरनेटच्या फ्रेमची सुरुवात दोन पत्त्यांनी होते. पहिले सहा बाइट ज्याला पाठवायचं त्याचा पत्ता, पुढचे सहा बाइट पाठवणाऱ्याचा. हाच मॅक पत्ता. नेटवर्क कार्डाला तो कारखान्यातच मिळतो आणि पडद्यावर सहा जोड्यांमध्ये दिसतो. स्विच या दोन पत्त्यांचा वेगवेगळा उपयोग करतो: फ्रेम कुठे सोडायची हे पहिल्यावरून ठरवतो, पण शिकतो ते दुसऱ्यावरूनच. फ्रेम पोर्ट १ मधून आत आली आणि तिच्यावर पाठवणारा म्हणून अमुक पत्ता आहे, तर त्या पत्त्याकडे जायची वाट पोर्ट १ मधून असली पाहिजे. एवढंच अनुमान, आणि बाकी सगळं त्यावर उभं आहे. १९८० च्या दशकात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये मार्क केम्फ यांनी इथरनेटचे दोन भाग जोडणारा ब्रिज याच तत्त्वावर बांधला. आजचा स्विच म्हणजे पुष्कळ पोर्टांचा तोच ब्रिज.

एक छोटं उदाहरण करून पाहू. स्विचला पाच पोर्ट आहेत. पोर्ट १ वर अ, २ वर ब आणि ३ वर क ही यंत्रं आहेत. पोर्ट ४ वर एक जुना हब असून त्याला ड आणि ई जोडलेले आहेत. पोर्ट ५ रिकामं आहे. हब काहीच शिकत नाही, एका तोंडातून आलेलं बाकीच्या सगळ्या तोंडांतून बाहेर टाकतो. पाच यंत्रांचे पत्ते सोयीसाठी `02:00:00:00:00:0a` पासून `02:00:00:00:00:0e` पर्यंत धरू. कोष्टक रिकामं आहे.

अ ला ब शी बोलायचं आहे. त्याला ब चा आयपी पत्ता ठाऊक आहे, मॅक पत्ता नाही. म्हणून तो एआरपीचा प्रश्न सगळ्यांना ऐकू जाईल असा विचारतो: हा आयपी कोणाचा? या फ्रेमवर घेणारा म्हणून `ff:ff:ff:ff:ff:ff` असतं आणि पाठवणारा म्हणून अ चा पत्ता. स्विच आधी नोंद करतो, 0a म्हणजे पोर्ट १. मग ती फ्रेम २, ३ आणि ४ मधून बाहेर सोडतो. ज्या पोर्टातून आली तिथे परत पाठवत नाही.

ब उत्तर देतो. या फ्रेमवर घेणारा अ, पाठवणारा ब. स्विच लिहितो, 0b म्हणजे पोर्ट २. मग 0a शोधतो, आत्ताच लिहिलेली नोंद सापडते आणि फ्रेम फक्त पोर्ट १ मधून जाते. क ला या उत्तराचा पत्ताही लागत नाही. अ ने एक प्रश्न विचारला आणि ब ने एक उत्तर दिलं, तेवढ्यात स्विच दोघांनाही ओळखू लागला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं अडणार आहे.

आता ड आणि ई आपापसांत बोलू लागले. हब त्यांची प्रत्येक फ्रेम आपल्या पोर्ट ४ कडेही पाठवतो. स्विच दोन नोंदी करतो, 0d पोर्ट ४ आणि 0e पोर्ट ४. एका पोर्टमागे कितीही पत्ते चालतात. पुढे ड ची ई साठीची फ्रेम आली की स्विच पाहतो, घेणारा पोर्ट ४ मागे आणि फ्रेमही तिथूनच आलेली. म्हणजे ती ई ला पोचलेली आहे. स्विच ती टाकून देतो.

हा स्विच म्हणजे पाच नेटवर्क पोर्ट असलेलं लिनक्सचं यंत्र असेल, तर हे कोष्टक डोळ्यांनी पाहता येतं. यंत्राच्या स्वतःच्या पोर्टांच्या ओळी वगळल्या तर ते असं दिसेल:

```
$ brctl showmacs br0
port no  mac addr            is local?  ageing timer
  1      02:00:00:00:00:0a   no           2.14
  2      02:00:00:00:00:0b   no           2.14
  4      02:00:00:00:00:0d   no          41.60
  4      02:00:00:00:00:0e   no         187.35
```

क यादीत नाही. केबल लागलेली आहे, दिवा पेटलेला आहे, त्याने अ चा प्रश्न ऐकलासुद्धा. पण तो अजून एकदाही बोललेला नाही, आणि नुसतं ऐकणाऱ्याची नोंद करायला स्विचकडे काही साधन नाही. खऱ्या जाळ्यात बहुतेक यंत्रं केबल लागताच काहीतरी बोलतात, म्हणून अशी रिकामी जागा क्वचित दिसते.

शेवटचा रकाना मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्या पत्त्याकडून शेवटची फ्रेम येऊन किती सेकंद झाले, ते त्यात आहे. यंत्र बोललं की आकडा शून्यावर येतो. तो ३०० वर गेला, म्हणजे पाच मिनिटं त्या पत्त्याकडून काहीच आलं नाही, तर नोंद पुसली जाते. ३०० सेकंद ही ब्रिजच्या मानकात सुचवलेली मूळ मुदत असून बहुतेक स्विचवर तीच असते.

पुसायचं कशाला, हे ई ला हलवलं की कळतं. त्याची केबल हबमधून काढून स्विचच्या पोर्ट ५ मध्ये खोचली. पोर्ट ४ वरचा हब चालूच आहे, त्यामुळे स्विचच्या दृष्टीने तिथे काहीही तुटलेलं नाही आणि 0e पोर्ट ४ ही नोंद तशीच राहते. (ई थेट स्विचला असता, तर केबल निघताच त्या पोर्टच्या नोंदी पुसल्या गेल्या असत्या.) आता अ ने ई ला फ्रेम पाठवली की ती पोर्ट ४ मधून हबकडे जाते आणि तिथे तिला घेणारं कोणी नसतं. ई ने पोर्ट ५ मधून एक फ्रेम जरी पाठवली, तरी जुनी नोंद खोडून 0e पोर्ट ५ अशी नवी होते आणि सगळं सुरळीत होतं. तो गप्पच राहिला, तर ३०० सेकंदांनी नोंद आपोआप जाते. मग अ ची फ्रेम अनोळखी ठरते, स्विच ती सगळ्या पोर्टांतून सोडतो आणि ती ई ला मिळते.

यातच एक बारकावा आहे. एखाद्या पत्त्याकडे कितीही फ्रेम गेल्या, तरी त्यामुळे त्याची नोंद ताजी होत नाही. ती ताजी होते ती त्याच्याकडून फ्रेम आल्यावरच. उलट असतं, तर अ ई ला फ्रेम पाठवत राहिला असता आणि त्या फ्रेमांनीच पोर्ट ४ ची चुकीची नोंद कायम जिवंत ठेवली असती.

पण याच नियमातून एक चिवट बिघाड जन्माला येतो. समजा ब हा राउटर आहे आणि बाहेरून येणारा ४० मेगाबिटचा व्हिडिओ तो क कडे पाठवतो. क फक्त साठवतो, उलट काहीच पाठवत नाही. सुरुवातीला राउटरने एआरपीने क चा पत्ता विचारला, क ने उत्तर दिलं, स्विचने 0c पोर्ट ३ असं लिहिलं. पाच मिनिटं छान गेली. या काळात क कडून एकही फ्रेम न आल्यामुळे स्विचने नोंद पुसली. राउटरला मात्र क चा पत्ता अजून आठवतो, कारण एआरपीचं उत्तर लक्षात ठेवण्याची मुदत काही राउटरांवर चार तास असते. तो विचारत नाही, म्हणून क उत्तर देत नाही, म्हणून स्विच शिकत नाही. उरलेले तीन तास पंचावन्न मिनिटं ४० मेगाबिटचा लोंढा पोर्ट १, ३, ४ आणि ५ अशा चारही पोर्टांतून वाहतो. यालाच फ्लडिंग म्हणतात.

तक्रार येते ती भलत्याकडूनच. क ला त्याचा व्हिडिओ व्यवस्थित मिळतोय. अ आणि ई ची पोर्टं एक गिगाबिटची असतील तर त्यांना फरक जाणवत नाही. अडकतो तो ड, कारण त्याचा हब जेमतेम १० मेगाबिटचा आहे. मग ड ची केबल बदलली जाते, हब बंद करून चालू केला जातो, आणि दोष तिथे नसतोच.

ओळखायचं कसं? अ वर बसून क च्या नावाच्या फ्रेम ऐकू येतात का ते पाहायचं:

```
tcpdump -i eth0 -e -n ether dst 02:00:00:00:00:0c
```

स्विच क ला ओळखत असेल, तर इथे काहीही दिसता कामा नये. ओळींमागून ओळी येत राहिल्या, तर स्विचच्या कोष्टकात 0c शोधा. तो नसेल तर निदान झालं. फक्त आधी एकूण नोंदी किती आहेत, तेही पाहून घ्या. कोष्टकाला मर्यादा असते, छोट्या स्विचमध्ये ८,१९२ नोंदींची जागा सर्रास आढळते. ते भरलं की नव्या पत्त्यांना जागा मिळत नाही आणि त्यांच्या फ्रेमही अशाच सगळीकडे जातात. पण तेव्हा बरेच पत्ते गायब असतात. कोणी खोटे पत्ते ओतत असेल, तर एकाच पोर्टमागे हजारो नोंदी दिसतात. क च्या बाबतीत कोष्टक जवळपास रिकामं असून एकटा 0c गायब असतो.

उपाय म्हणजे दोन्ही मुदतींचा मेळ घालणं. स्विचची मुदत चार तासांच्या वर नेता येते, पण मग ई सारख्या हललेल्या आणि गप्प बसलेल्या यंत्राची चुकीची नोंदही तेवढा वेळ टिकेल. म्हणून छोट्या जाळ्यात मी राउटरचीच मुदत ३०० च्या खाली, समजा २४० सेकंदांवर आणेन. मग राउटर साधारण चार मिनिटांनी पुन्हा विचारतो आणि क ला उत्तर द्यावंच लागतं. हा बदल केल्यावर कोष्टक पुन्हा पाहिलं की पोर्ट ३ पुढे 0c ची ओळ दिसते. तिच्या शेवटच्या रकान्यातला आकडा २४० च्या आसपास चढतो आणि तिथून परत शून्यावर येतो.